वॉटसन नसतो तेव्हा

प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ गोष्ट सांगतो, तृतीयपुरुषी निवेदनात ‘तो’ किंवा ‘ती’ची गोष्ट सांगितली जाते, एवढं लिहून आपण सगळ्यांनीच शाळेत मराठीच्या पेपरात दोन गुण खिशात घातलेले असतात. त्याला जोडून आणखी एक वाक्य असायचं: ‘मी’च्या गोष्टीत वाचकाला एकाच माणसाचं मन कळतं, ‘तो’च्या गोष्टीत लेखक सर्वज्ञ असतो, त्यामुळे सगळ्यांचं कळतं. हे वाक्य मला अलीकडे पटेनासं झालंय. आणि ते पटेनासं करण्याचं काम कोणा समीक्षकाने नाही, शेरलॉक होम्सने केलंय.

होम्सच्या कथा-कादंबऱ्या मिळून 60. त्यांतल्या 56 डॉ. वॉटसन सांगतो. राहिल्या चार. त्यांतल्या दोन खुद्द होम्स सांगतो आणि दोन कोणीच सांगत नाही, म्हणजे त्या तृतीयपुरुषी आहेत. लेखक तोच, नायक तोच, लंडनचं धुकंही तेच, फक्त सांगणारा बदलला. बाकी काही न हलवता निवेदक तेवढा बदलून बघायची अशी सोय वाचकाला सहसा मिळत नाही. या चार कथा होम्सच्या उत्तम कथांत मोडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण कमी जमलेल्या गोष्टीतच तिचे टाके दिसतात.

आधी वॉटसन घ्या. त्याला बुद्दू ठरवून आपण मोकळे होतो, पण कॉनन डॉयलने त्याला फार विचार करून उभा केलाय. होम्स जे बघतो ते सगळं वॉटसन बघतो. चिखल, सिगारची राख, बुटाची झिजलेली टाच. मात्र त्याचा अर्थ काय, हे होम्सच्या डोक्यात असतं आणि तिथे वॉटसनला प्रवेश नाही. त्यामुळे पुरावा वाचकासमोर उघडा पडलेला असतो आणि तरीही उत्तर झाकलेलं राहतं. यात लपवाछपवी कुठेच नाही. वॉटसन त्याला माहीत असलेलं सगळं सांगतो, त्याला माहीतच कमी असतं.

आता 1926 सालची ‘द ब्लँच्ड सोल्जर’ ही कथा बघा. ही होम्स स्वतः लिहितो. वॉटसनच्या लेखनाला तो कायम नावं ठेवायचा, तेव्हा एकदा वॉटसन वैतागून म्हणाला, मग तूच लिहून बघ. होम्स लिहायला बसतो आणि थोड्याच वेळात कबूल करतो की गोष्ट वाचकाला आवडेल अशीही मांडावी लागते. लग्नघरात स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या हातात झारा द्यावा, तशी त्याची गत होते.

गोष्ट अशी. जानेवारी 1903. डॉड नावाचा तरुण होम्सकडे येतो. बोअर युद्धात त्याच्याबरोबर लढलेला त्याचा मित्र गॉडफ्रे परत आल्यापासून बेपत्ता आहे. गॉडफ्रेचा बाप, एक तापट कर्नल, सांगतो की पोरगा जगाच्या सफरीवर गेलाय. पण डॉड त्यांच्या घरी मुक्काम करतो तेव्हा रात्री खिडकीच्या काचेला चिकटलेला मित्राचा पांढराफटक चेहरा त्याला दिसतो. बागेतल्या एका वेगळ्या घरात कोणीतरी राहतंय, हेही त्याच्या लक्षात येतं.

होम्स डॉडला घेऊन तिथे जातो. म्हातारा नोकर हातातले चामडी मोजे काढून दिवाणखान्याबाहेरच्या टेबलावर ठेवतो. होम्स आपली हॅट त्याच टेबलावर ठेवतो, ती मुद्दाम खाली पाडतो, उचलायला वाकतो आणि नाक मोज्यांच्या जवळ नेतो. त्यांना डांबरासारखा वास येत असतो, म्हणजे जंतुनाशकाचा. आणि इथे होम्स हळहळतो. स्वतःची गोष्ट स्वतः सांगताना हातातले पत्ते असे दाखवावे लागतात, असे दुवे दडवूनच तर वॉटसन शेवटाला वाचकांना चकित करायचा, अशा अर्थाचं तो बोलतो.

मला विचाराल तर निवेदनावरच्या कित्येक जाड पुस्तकांचं सार या हळहळीत आहे. वॉटसन असता तर त्याने काय लिहिलं असतं? होम्सची हॅट पडली, तो वाकला, उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. बस. वास होम्सच्या नाकाला आला, वॉटसनच्या नाही. ‘मी’ मात्र स्वतःच्या नाकाबद्दल गप्प कसा बसणार?

गंमत पुढे आहे. एवढं रडगाणं गाऊन झाल्यावर होम्स सर्रास दडवतोच. वाटेत त्याने एका गंभीर, अबोल गृहस्थाला गाडीत घेतलेलं असतं. ते कोण, हे तो डॉडलाही सांगत नाही आणि आपल्यालाही नाही. वर हेही ऐकवतो की, तपास चालू असताना मी मनातलं बोलत नाही, हे वॉटसनच्या वाचकांना ठाऊक आहेच! नंतर कर्नल पोलिसांना बोलवायच्या गोष्टी करायला लागतो, तेव्हा होम्स एका कागदावर एकच शब्द लिहून त्याच्या हातात देतो. कर्नलच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे नुसतं आश्चर्य उरतं. शब्द कोणता? लिहिणाराच आपल्याला गोष्ट सांगतोय, पण शब्द सांगत नाही. काही पानं उलटल्यावर कळतं, की पोराला महारोग झालाय अशी घरच्यांची समजूत आहे आणि गाडीतले गृहस्थ त्वचारोगाचे तज्ज्ञ आहेत.

ते वाचताना मला चिडल्यासारखं झालं होतं, आणि ते का, हे नंतर एक छोटा खेळ करून पाहिल्यावर कळलं. खेळ सोपा आहे. ‘मी एका कागदावर एक शब्द लिहिला आणि तो कर्नलला दिला.’ यातला ‘मी’ काढून ‘होम्सने’ घाला. ‘होम्सने एका कागदावर एक शब्द लिहिला आणि तो कर्नलला दिला.’ चीड गायब! घटना तीच, वाचकाला कळलं तेही तेवढंच, पण पहिलं वाक्य फसवणुकीसारखं वाटतं आणि दुसरं उत्कंठेसारखं. ‘मी’ म्हटलं की सांगणारा आपल्या मनाची चावी वाचकाला देऊन बसतो, आणि मग एकच खोली बंद ठेवली तरी ती डोळ्यांत भरते. ‘तो’ने चावी कधी दिलेलीच नसते.

हाच खेळ उलटाही खेळून बघावा. ‘हे ऐकताच त्याचा चेहरा पांढरा पडला’ हे बरोबर. ‘हे ऐकताच माझा चेहरा पांढरा पडला’ म्हटलं की समोर आरसा कुठे होता, असं विचारावंसं वाटतं. नवख्या लेखकांच्या ‘मी’च्या कथांत असे आरसे पुष्कळ सापडतात. दुसऱ्यांच्या मनातलंही हे ‘मी’ खुशाल सांगत सुटतात. खरं तर त्यांनी ‘तो चिडला असावा’ एवढ्यावरच थांबायला हवं.

होम्सच्या लेखणीची दुसरी कथा, ‘द लायन्स मेन’, त्याच वर्षातली. डॉयलला ही अडचण जाणवली असावी, कारण इथे तो वेगळी वाट काढतो. निवृत्त होम्स ससेक्सच्या किनाऱ्याजवळ राहतोय. पोहायला गेलेला एक शिक्षक अंगावर चाबकाचे असावेत तसे वळ घेऊन धडपडत वर येतो आणि ‘सिंहाची आयाळ’ एवढं बोलून मरतो. होम्सला हे शब्द कुठेतरी वाचल्यासारखे वाटतात, पण आठवत नाहीत. माझं डोकं म्हणजे अडगळीची खोली आहे, असं तो म्हणतो. म्हणजे आता ‘मी’ला माहीत आहे आणि नाहीही. त्यामुळे आपल्याला न सांगण्यात लबाडी राहत नाही. पण माळ्यावर जाऊन तो पुस्तक शोधून काढतो, हवं ते प्रकरण वाचतो आणि त्यात काय होतं ते मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत सांगत नाही. शेवटी खुनी निघतो एक विषारी जेलीफिश. ‘मी’ पुन्हा सापडलाच, पण या वेळी थोडक्यासाठी.

प्रथमपुरुषाला आणखी एक भिंत असते, ती मराठी वाचकांना चांगली ओळखीची आहे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो, कुंती, दुर्योधन, शोण, वृषालीही बोलतात, आणि शेवट मात्र कृष्णाच्या तोंडी येतो. कर्णाने आपल्या मरणापाशी गप्प व्हायलाच हवं होतं. एरवी ‘मी’ने सांगितलेल्या थरारकथेत नायक दरीच्या कडेला लोंबकळत असला तरी आपण निवांत चहा पीत वाचतो, कारण सांगायला तो शिल्लक आहे हे पहिल्याच पानावर कळलेलं असतं.

राहिल्या दोन तृतीयपुरुषी कथा. ‘द मॅझरिन स्टोन’ 1921 सालची, एका छोट्या नाटकावरून लिहिलेली, आणि ते लपत नाही. सगळं एकाच खोलीत घडतं, निवेदक जणू पहिल्या रांगेत तिकीट काढून बसलाय, कोणाच्या डोक्यात फारसा जातच नाही. सर्वज्ञ म्हणतात तो हाच असेल तर त्याला वॉटसनपेक्षाही कमी कळतं. त्याहून जास्त त्या कथेत बघण्यासारखं नाही.

‘हिज लास्ट बो’ मात्र बघावी. 1917 साली छापलेली, पण गोष्ट 2 ऑगस्ट 1914च्या रात्रीची, महायुद्धाच्या तोंडावरची. सुरुवातीला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका घराच्या बागेत दोन जर्मन बोलत उभे आहेत. त्यांतला फॉन बोर्क हा हेर, अल्टामॉन्ट नावाच्या आयरिश-अमेरिकन खबऱ्याची वाट बघतोय. मोटार येते, अमेरिकन उतरतो, आरामखुर्चीत पाय ताणून बसतो आणि एक पुडकं पुढे करतो. फॉन बोर्क ते सोडतो. आत ब्रिटिश आरमाराच्या गुप्त संकेतांऐवजी मधमाशीपालनाचं पुस्तक! तो ते बघतोय तेवढ्यात अमेरिकन त्याला मानेला धरून क्लोरोफॉर्म हुंगवतो. अमेरिकन म्हणजे होम्स, आणि मोटार चालवणारा वॉटसन.

हीच गोष्ट वॉटसनला सांगायला दिली असती तर पहिल्याच वाक्यात ‘मी मोटार चालवत होतो’ आलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. म्हणून डॉयलने त्याचा ‘मी’ काढून घेतला. पण निवेदक स्वतःच्या तोंडाने होम्सला ‘अमेरिकन’ म्हणतो, हे खोटं बोलणं नाही का? माझा एक मित्र म्हणतो, खोटंच. मला तसं वाटत नाही. त्या खोलीत आपण फॉन बोर्कच्या खांद्यावरून बघत असतो, आणि त्याला दिसतोय तो अमेरिकनच. ‘तो’ची गोष्टसुद्धा कोणाच्या तरी खांद्यावर बसूनच पुढे जाते. मित्राचं समाधान झालेलं नाही. त्याचं म्हणणं, खांदा बदलला की लेखकाने वाचकाला तसं कळवायला हवं. निदान मोटारीच्या चालकाबद्दल तरी त्याला तक्रारीला जागा नाही. निवेदक त्याच्याविषयी एवढंच सांगतो की, तो भरल्या अंगाचा, वयस्क, पिकल्या मिशांचा माणूस आहे आणि बराच वेळ ताटकळायचंय हे मान्य करून टाकल्यासारखा तो गाडीत बसून राहिला. वॉटसनबद्दल यातलं अक्षरही खोटं नाही.