तुम्ही विचारलंत म्हणून: एस्प्रेसोची पिचकारी

"दळण बारीक केलं, टँपरवर पूर्ण जोर दिला, तरी शॉट भसाभस येतो आणि एका बाजूने पिचकारी उडते. अजून किती बारीक दळू?"

आणखी बारीक अजिबात दळू नका. उलट ग्राइंडर दोन खुणा जाड करा आणि पूड बास्केटमध्ये पडल्यापासून टँप होईपर्यंत तिचं काय होतं तिकडे लक्ष द्या. गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

आधी जोराचं बोलते. पंप साधारण ९ बारचा दाब देतो. ५८ मिलिमीटरच्या बास्केटमध्ये पकचं, म्हणजे दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीचं, क्षेत्रफळ २६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे त्या एवढ्याशा चकतीवर जवळजवळ २४० किलोंचा भार येतो. तुम्ही दात-ओठ खाऊन टँप केलंत तरी १५-२० किलोंच्या पलीकडे फारसं जात नाही. त्यामुळे पाण्याला थोपवण्याचं काम तुमच्या मनगटाचं नाहीच. टँप करायचं ते पुडीतली हवा जाऊन कण एकमेकांना टेकावेत आणि वरचा भाग सपाट व्हावा म्हणून. पूड दबायची थांबली की टँपिंग संपलं. त्यापुढे लावलेल्या जोराने शॉटमध्ये जवळजवळ काहीच बदलत नाही.

पाणी जिथे कमी अडतं तिथून जातं. पकमध्ये एखादी जागा इतरांपेक्षा जरा पोकळ असेल तर तिथला प्रवाह जास्त असतो. तो प्रवाह आजूबाजूचे अगदी बारीक कण ढकलून नेतो, कॉफीतला विरघळणारा अंशही तिथे लवकर संपतो, म्हणून ती जागा आणखी पोकळ होते आणि प्रवाह आणखी वाढतो. मातीच्या बांधाला घुशीने बीळ पाडलं की पाणी त्याच बिळातून माती वाहून नेतं आणि बघता बघता बांध फुटतो, तसंच हे. याला चॅनलिंग म्हणतात. पाणी त्या वाटेने धावत असताना बाकीची पूड जेमतेम भिजते.

चव ओळखायला सोपी असते, पण बरेच जण तिचा अर्थ चुकीचा लावतात. वाटेवरच्या कॉफीतून गरजेपेक्षा जास्त उतरतं, ते जिभेवर कोरडं आणि तुरट लागतं. उरलेल्या भागातून पुरेसं उतरत नाही, ते आंबट आणि पाणचट लागतं. दोन्ही एकाच कपात आलं की समजा, चॅनलिंग झालं. नुसतं दळण जाड असेल तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, पण तो तुरट कोरडेपणा सहसा नसतो.

आता बारीक दळल्याने हे वाढतं कसं, ते बघा. पूड जितकी बारीक तितक्या तिच्या गुठळ्या जास्त. एक गुठळी बोटांच्या चिमटीत धरून हलकी दाबा, ती सहज फुटते. पण बास्केटमध्ये ती आजूबाजूच्या पुडीसह दाबली जाते. तिच्या आत घनता वेगळी, तिच्या आणि शेजारच्या गुठळीच्या मधल्या फटीत वेगळी. वरून बघाल तर पक आरशासारखा सपाट दिसतो, आतली ती फट दिसत नाही. शिवाय बारीक दळणाने बाकीचा पक जास्त घट्ट होतो, म्हणून पाण्याला ती एक कच्ची जागा आणखीच सोयीची वाटते.

अलीकडे हा प्रश्न विचारणाऱ्या एकाने आकडे टिपून ठेवले होते, तेच घेऊ. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम. एकाच दळणावर लागोपाठ तीन शॉट: २७, १९ आणि २४ सेकंद. दळण बारीक केल्यावर ३१, १८ आणि २२. त्यांनी १८ आणि १९ पाहून "अजून जाड आहे" असं ठरवलं. मला त्यात महत्त्वाचा वाटला तो वेळेतला फरक. दळण खरंच जाड असतं तर तिन्ही शॉट सारखेच लवकर आले असते. ग्राइंडर, बीन्स, वजन तेच आणि वेळ मात्र आठ ते तेरा सेकंदांनी मागेपुढे, म्हणजे दर वेळी पक वेगळा घडतोय. बॉटमलेस, म्हणजे खालून उघडा, पोर्टाफिल्टर असेल तर हे डोळ्यांनी दिसतं: एका कोपऱ्यात रंग लवकर फिका पडतो, दुसरीकडे जाळी कितीतरी वेळ कोरडीच राहते.

त्यांना मी तीनच गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, दळण दोन खुणा जाड.

दुसरी, सुयांनी पूड ढवळणं. ही पद्धत जॉन वाइस यांनी २००५ मध्ये मांडली आणि त्यांच्याच नावाने वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक, थोडक्यात डब्ल्यूडीटी, म्हणून ओळखली जाते. सुया ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या हव्यात. टूथपिक किंवा उघडलेली पेपरक्लिप नको, ती गुठळी फोडण्याऐवजी पुडीत चर पाडते. बास्केटवर डोझिंग रिंग ठेवा म्हणजे पूड सांडणार नाही. सुया आधी पार तळापर्यंत न्या, तिथे छोटी वर्तुळं काढत सगळीकडे फिरा, कडेलाही, आणि मग हळूहळू वर या. बरेच जण फक्त वरचा थर ढवळतात, पण तळाच्या गुठळ्या तशाच राहिल्या तर वरची मेहनत वाया जाते. वरून फिरवायची जी चकती मिळते, तिचंही तेच: ती पृष्ठभाग सपाट करते, खालची घनता सारखी करत नाही.

तिसरी, टँप सरळ. टँपर एक मिलिमीटरभर जरी कलला तरी पकची एक बाजू पातळ होते आणि पाणी तीच निवडतं. कोपर टँपरच्या बरोबर वर ठेवा, दाबताना टँपरची कड बास्केटच्या कडेशी सगळीकडे समांतर आहे का ते बोटांनी चाचपा. टँपर बास्केटपेक्षा लहान असेल तर कडेला सैल पुडीचं कडं राहतं आणि पाणी भिंतीलगत उतरतं. ५८ मिलिमीटरच्या बास्केटला ५८.५ चा टँपर सहसा जास्त नीट बसतो. आणि टँप केल्यावर पोर्टाफिल्टरला बाजूने ठोकायचं नाही. कडेला चिकटलेली पूड पाडायची ती जुनी सवय पकला भिंतीपासून सुटवते. ठोकायचंच असेल तर टँपच्या आधी, सरळ खाली.

त्यांचे पुढचे तीन शॉट २६, २७ आणि २६ सेकंदांत आले, तेही आधीपेक्षा जाड दळणावर. तुरटपणा गेला. आता चवीसाठी दळण थोडं बारीक करून बघायला हरकत नाही, कारण वेळेत बदल झाला तर तो दळणामुळेच, हे त्यांना कळेल. शॉट पुन्हा मागेपुढे व्हायला लागले की तिथे थांबायचं, त्या ग्राइंडरची आणि त्या बीन्सची हद्द तीच.

शॉटनंतर पक उपडा करून त्यात भोक शोधत बसू नका. पंप बंद झाल्यावर दाब सुटतो तेव्हाही पकवर खड्डे पडतात, आणि चॅनल झालेला पक कधी कधी अगदी छान दिसतो. सुरुवातीला एखादा थेंब बाजूला उडून धार लगेच एकत्र आली तर त्याचीही चिंता नको. शॉटच्या मध्यावर धार फाटली आणि फाटलेलीच राहिली तर मात्र सुयांकडे परत जा.