मार्जिन शीट अपडेट: जवळचा घेतला, लांबचा विकला

नमस्कार मंडळी, पाऊस काही थांबत नाहीये इंदूरला, राजवाड्याकडे जायचं नाव काढलं की घरचे डोळे वटारतात, म्हणून या रविवारी बसून शीटमध्ये दुसरा टॅब लावून टाकला. आतापर्यंत शीट फक्त स्ट्रॅटेजीवाल्या पद्धतीनं मार्जिन काढायची, म्हणजे पोझिशनला नाव असेल (कव्हर्ड कॉल, स्प्रेड, काय ते) तर त्या नावाचा नियम लावायचा आणि नाव नसेल तर प्रत्येक लेग सुटा धरायचा. नव्या टॅबमध्ये पोर्टफोलिओवाली पद्धत आहे, तिला नावाशी काही घेणंदेणं नाही, ती सगळी पोझिशन एकत्र उचलते, भाव वरखाली हलवून बघते आणि सगळ्यात जास्त तोटा जिथे दिसेल तेवढे पैसे ठेवा म्हणते.

नियम अमेरिकेतले घेतलेत कारण तिथे एकाच शेअरवर दोन्ही पद्धती बाजूबाजूला बघायला मिळतात. आपल्याला एलआरएसच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतल्या, पैशावर बाहेर मार्जिन ट्रेडिंग करता येत नाही, म्हणून हे निव्वळ कागदी काम आहे बरं का, कुणी खातं उघडायला धावू नका.

टेस्टला मुद्दाम अशी पोझिशन घेतली जी नावाच्या चौकटीत बसत नाही. शेअर 100 डॉलरला, व्होलॅटिलिटी 30 टक्के, व्याज शून्य धरलं. 30 दिवसांचा 100 चा कॉल घेतला, साधारण 3.43 ला, आणि 60 दिवसांचा त्याच स्ट्राइकचा कॉल विकला, 4.85 ला. कॉन्ट्रॅक्ट 100 शेअरचा, म्हणजे हातात 142 डॉलर आले. हेच उलटं केलं असतं, लांबचा घेऊन जवळचा विकला असता, तर तो सरळ कॅलेंडर स्प्रेड झाला असता आणि खिशातून गेलेल्या 142 शिवाय काही मागितलं नसतं. पण स्ट्रॅटेजीच्या नियमात घेतलेला ऑप्शन विकलेल्याच्या बरोबर किंवा नंतर संपायला हवा. आपला आधी संपतो, म्हणून तो धरतच नाहीत, विकलेला कॉल नागडा मानतात. एटीएम, म्हणजे भाव स्ट्राइकवरच असलेल्या, नागड्या कॉलला शेअरच्या किमतीचे 20 टक्के अधिक प्रीमियम, म्हणजे 2000 अधिक 485, एकूण 2485 डॉलर.

आता दुसरा टॅब. शेअरसाठी भाव 15 टक्के वर आणि 15 टक्के खाली, 3-3 टक्क्यांच्या पायऱ्यांनी, एकूण दहा खाने (तिथलं ऑप्शनचं क्लिअरिंग करणाऱ्या ओसीसीची टिम्स नावाची पद्धत अशी चालते). प्रत्येक खान्यात दोन्ही कॉलची नवी किंमत काढायची. भाव 115 झाला तर जवळचा 15.20 आणि लांबचा 15.81, म्हणजे मधलं अंतर 1.42 वरून 0.61 वर येतं. आपण हे अंतर विकलेलं आहे, ते आटलं की आपला फायदा. खाली 85 ला गेलं तरी आटतंच. अंतर सगळ्यात मोठं असतं स्ट्राइकजवळ, आणि आपण तिथेच उभे आहोत, म्हणून दहाच्या दहा खान्यांत तोटा असा सापडतच नाही. मग उरतो तो किमान आकार, दर कॉन्ट्रॅक्टला 37.50 डॉलर, दोनचे 75.

```
=MAX(-MIN(D5:D14), 37.5*2)
```

2485 आणि 75. पहिल्यांदा आकडा बघून मी फॉर्म्युला दोनदा तपासला, पण बरोबर आहे. आणि ही काही सवलत नाहीये, एकाचा तोटा दुसरा भरून काढतो ते त्या पद्धतीला दिसतं, पहिलीला दिसत नाही इतकंच. मजा म्हणजे हाच शेअर लगेच 115 वर गेला तर मार्जिन 75 वरून 81 होतं, कारण आता 12 टक्के खाली आलं की भाव पुन्हा स्ट्राइकजवळ येतो आणि 0.61 चं अंतर 1.42 पर्यंत फुगतं. म्हणजे या पोझिशनची भीती भाव पळण्यात नाही, परत येण्यात आहे.

छावणीत एक मामा आहेत ओळखीचे, सोयाबीनचे जुने व्यापारी, डिसेंबर 2021 मध्ये सेबीनं सोयाबीनचे वायदे थांबवले तोवर जवळ-लांब करायचे. त्यांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "अरे, ते सगळं ठीक, पण जवळचा कटला त्या दिवशी काय?" तिथेच नेमकं दुखतं. हे दहा खाने आजचा भाव हलवून बघतात, कॅलेंडर पुढे सरकवत नाहीत. मी एकतिसावा दिवस टाकून पाहिला, भाव 100 लाच ठेवला. जवळचा कॉल संपला, हातात राहिला फक्त विकलेला, 30 दिवस बाकी असलेला, किंमत 3.43. आता वरचा खाना, 115 ला तो 15.20, तोटा 11.77, म्हणजे 1177 डॉलर. आदल्या दिवशीपर्यंत शीट 75 च दाखवत होती. भाव जागचा हलला नाही आणि मार्जिन जवळपास सोळापट! ज्यांनी 75 बघून वीस-वीस लॉट लावले असतील त्यांची त्या दिवशीची सकाळ कशी जाईल विचार करा.

दुसरी गळती व्होलॅटिलिटीची. टिम्समध्ये भाव हलतो, व्होलॅटिलिटी जागेवर राहते. लांबच्या कॉलला एका पॉइंट व्होलॅटिलिटीमागे साधारण 16 सेंट फरक पडतो, जवळच्याला 11. दोघांची सारखी वाढली तर मोठं काही नाही, पण कंपनीचा रिझल्ट जवळच्या एक्स्पायरीनंतर आणि लांबच्याच्या आधी असेल तर फक्त लांबच्याची चढते, 10 पॉइंट चढली की 162 डॉलरचा तोटा, ठेवलेल्या 75 च्या दुप्पट. म्हणून अशी पोझिशन बघताना आधी रिझल्टची तारीख बघायची, मग मार्जिन.

आपल्याकडे एनएसईत मार्जिन काढायला स्पॅन नावाची पद्धत आहे, ते या बाबतीत बरं. 16 सिनारिओ असतात आणि त्यात भावाबरोबर व्होलॅटिलिटीही वरखाली करतात. महिने एकत्र हलतात असं धरून आधी ऑफसेट देतात आणि वर कॅलेंडर स्प्रेडचा वेगळा चार्ज लावतात, कारण ते खरंच सोबत हलतील याची खात्री नाही. शिवाय एक्स्पोजर मार्जिन वेगळं. आणि 1 फेब्रुवारी 2025 पासून एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या इंडेक्स कॉन्ट्रॅक्टला कॅलेंडरचा फायदाच मिळत नाही. म्हणजे मामांनी विचारलेली ती उडी आपल्याकडे मार्जिन जवळचा कॉन्ट्रॅक्ट अजून जिवंत असतानाच मारतं, ते पैसे आधीच तयार ठेवायला लागतात नाहीतर ब्रोकर शॉर्टफॉल दाखवून लांबचा लेग स्वतःच कापू शकतो, आणि तेव्हा मिळेल तो भाव.

बाहेर पडायच्या क्रमाचं पण पुन्हा सांगतो, व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी विचारतंच: आधी विकलेला कापायचा, मग घेतलेला विकायचा. उलट केलंत तर मधल्या त्या मिनिटभरासाठी शीटला नागडा कॉल दिसतो आणि तेवढं मार्जिन अडकतं, नसेल तर प्रॉब्लेम.

आता शीटमध्ये 'पुढची एक्स्पायरी संपल्यावर' असा तिसरा टॅब टाकतोय, जो सगळ्यात जवळचे लेग उडवून तेच दहा खाने परत चालवेल आणि आजच्या आकड्याशेजारी तो आकडा दाखवेल. लांबच्या महिन्याची व्होलॅटिलिटी एकटी हलवायचा कॉलम अजून अडलाय, दर महिन्याला वेगळा शॉक द्यायचा तर किती द्यायचा हे ठरत नाहीये, मी सध्या जवळच्या महिन्याला मोठा आणि लांबच्याला वर्गमुळाच्या हिशोबानं कमी देतोय, पण रिझल्टवाल्या केसमध्ये ते नेमकं उलटं पडतं. कुणी दुसऱ्या पद्धतीनं केलं असेल तर फॉर्म्युला टाका.