हर्णैच्या खलाशाचे ३,४०० रुपये

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला होता. सप्टेंबर २०२५. सरकारी योजनांचे फॉर्म भरायचं माझं सेंटर उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला. हर्णै बंदरातला खलाशी, वय पस्तीस. खिशातून त्याने प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ह्या पेन्शन योजनेचं कार्ड काढलं. लॅमिनेशन मीच करून दिलेलं, मार्च २०१९ मध्ये.

"ताई, माझे पैसे काढून द्या. माझे आणि सरकारचे, दोन्ही."

इथेच माझ्या पोटात गोळा आला. २०१९ ला योजना सुरू झाली तेव्हा आम्हा सेंटरवाल्यांना रोज आकडे विचारले जात होते. आधार आणि पासबुक घ्यायचं, फॉर्म भरून प्रिंट काढायची, खात्यातून हप्ता कापायच्या संमतीवर सही घ्यायची, स्कॅन करून चढवायचं, पहिला हप्ता रोख घ्यायचा, कार्ड हातात द्यायचं. दहा मिनिटांचं काम. सांगायला एकच वाक्य पुरायचं: तुम्ही शंभर घाला, सरकार शंभर घालतं, साठीनंतर महिन्याला ३,००० मिळतात. तो तेव्हा एकोणतीसचा होता, म्हणून हप्ता बरोबर १००. अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला ५५, चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला २००.

दहा वर्षांच्या आत बाहेर पडलात तर फक्त तुमचे पैसे बचत खात्याच्या व्याजाने परत, सरकारचा वाटा नाही, हे वाक्य मी तेव्हा त्याला सांगितलं नव्हतं. कागदावर होतं. पण कागद कोण वाचतं, आणि मी तरी कुठे वाचून दाखवला?

पासबुक उघडलं आणि पेन्सिल घेऊन एकेक कपात मोजली. पहिला रोख हप्ता धरून ३४. सुरू झाल्यापासून महिने झालेले ७९. म्हणजे ४५ हप्ते गेलेच नव्हते, आणि त्याला पत्ताच नाही. त्याच्या मते बँक "आपोआप" कापत होती.

कुठले महिने चुकले ते पाहिलं की सगळं उलगडतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्याला, खलाशी घरी, खात्यात शून्य. ऑगस्टमध्ये दर्यात जायच्या आधी शेठकडून उचल घेतो, ती हातात येते आणि गणपतीत संपते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरही कोरडे. वर बँकेने हप्ता परत गेल्याबद्दल दंड लावलेला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पैसे आले की आधी दंड वळता व्हायचा आणि शंभराला पुन्हा बाकी पुरायची नाही. पुढे पुढे तर कपातीची नोंदच दिसत नाही. दर महिन्याला खात्यात शंभर असणारच, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी जूनमधलं बंदर पाहिलेलं नसावं. आणि बँकेतल्या माणसाने त्याला हे काहीच न सांगता "सेंटरवर जा" एवढंच सांगितलं होतं. त्यांचं नेहमीचंच.

मी दोन रस्ते कागदावर मांडले. आज सोडलं तर ३,४०० आणि त्यावर थोडं व्याज. चालू ठेवायचं तर थकलेले ४,५०० एकरकमी, शिवाय लागेल तो दंड.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी साठचा व्हणार २०५० ला. तवा तीन हजारात काय येल?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ३,००० ची हमी आहे, पण महागाईबरोबर ती रक्कम वाढेल असं योजनेत कुठे नाही. दुसरी बाजूही सांगितली. एकतीस वर्षांचे त्याच्या खिशातले होतात ३७,२००, आणि पेन्शन सुरू झाली की तेरा महिन्यांत तेवढे वसूल. पेन्शन चालू असताना तो गेला तर बायकोला निम्मे, १,५००. पोरांना मात्र काही नाही.

दुपारी लिलाव आटपून त्याची बायको आली, पाटी बाहेर ठेवून. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिने एकच विचारलं, "त्याच्या खात्यात पैसं दुसऱ्यानं टाकलं तर चालतंय?"

चालतं. खात्यात बाकी असली की झालं, कुणी भरली ते कोण विचारतंय. आणि मला तेव्हा उमगलं की बंदीत घरात पैसा हिच्याच हातात असतो. बोट बंद असली तरी सुके बोंबील, सुकट, जवळा ह्यांना पावसाळ्यातच गिऱ्हाईक. मे महिन्यात तिने चारशे टाकून ठेवले असते तर जून ते सप्टेंबर सरळ निघाले असते. सहा वर्षांपूर्वी मी फॉर्म नवऱ्याचा भरला आणि तिच्याशी बोललेच नाही.

"एकदम साडेचार हजार आज नाय," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत थांबता येल?"

"दर महिन्याला आणखी शंभर वाढतील, वहिनी."

"वाढूं देत," म्हणाली आणि कार्ड नवऱ्याच्या हातातून घेऊन कमरेच्या पिशवीत टाकलं.