मनगटावरचा नंबर आणि न वाजलेला फोन

दुसरं विमान पकडायला साडेतीन तास होते. सामान ओढत आम्ही एका खिडकीपाशी बसलो, नवरा पाणी आणायला गेला, मी बॅगेत पासपोर्ट चाचपले आणि मान वर केली तर पाच वर्षांची लेक जागेवर नव्हती. पुढची बारा मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही. ती सापडली चौकशीच्या काउंटरवर, उंच स्टुलावर पाय हलवत, कुणीतरी दिलेला कागद रंगवत बसलेली. आम्हीच शोधत तिथे पोचलो. आम्हाला फोन आलाच नव्हता.

खरं तर तिच्या मनगटावर कागदी पट्टी होती आणि तिच्यावर नंबरही होता. निघायच्या आदल्या रात्री माझ्या आईने तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता. काउंटरवरच्या मुलीने तो तीनदा लावून पाहिला होता. तिने उतरवून घेतलेली चिठ्ठी मला दाखवली तेव्हा घोळ लक्षात आला. आईने अंक देवनागरीत लिहिले होते. शेवटचे ७४१ त्या मुलीने 689 असे वाचले. तिचा काय दोष? आपला सात तिला सहासारखा दिसतो, चार आठसारखा आणि एक नऊसारखा. शून्य, दोन, तीन जवळजवळ तसेच असल्यामुळे आपण वेगळेच अंक वाचतोय अशी तिला शंकाही आली नाही. अजिबात न कळणारी लिपी असती तर तिने कुणाला तरी विचारलं तरी असतं.

ते अंक तिने बरोबर वाचले असते तरी फोन लागला नसता. नंबर नुसता दहा आकडी होता, आधी देशाचा कोड नव्हता. परक्या देशातल्या टेबलावरच्या फोनवरून असा नंबर फिरवला की तो त्याच देशातला समजला जातो. आणि समजा कोडही असता, तरी तो नंबर माझ्या घरच्या सिमचा, आणि रोमिंगचं बिल नको म्हणून ते मी विमानात बसतानाच बंद केलेलं. प्रवासासाठी घेतलेलं दुसरं सिम चालू होतं, त्याचा नंबर कुठेच लिहिलेला नव्हता. म्हणजे ती पट्टी तीन ठिकाणी फसलेली होती आणि आम्ही ती बांधून निर्धास्त होतो.

मुक्कामी पोचल्यावर त्याच रात्री नव्या पट्ट्या केल्या. एकच कसोटी ठेवली: आपली भाषा न येणाऱ्या माणसाने, हातात असेल त्या फोनवरून, पट्टीवर दिसतं तसंच फिरवलं, तर आत्ता माझ्या खिशातला फोन वाजला पाहिजे.

सुरुवातीला अधिकचं चिन्ह, मग देशाचा कोड, मग नंबर. 00 लिहायचं नाही, कारण परदेशी फोन लावायची सुरुवात सगळीकडे सारखी नसते. बऱ्याच देशांत ती 00 असते, अमेरिकेत 011, जपानमध्ये 010. अधिकचं चिन्ह पाहिलं की तिथल्या माणसाला आपल्याकडे काय लावायचं ते कळतं, आणि मोबाईलवर तर ते चिन्हच दाबता येतं. देशात बोलताना नंबराच्या आधी जो शून्य लावतात, तो कोडनंतर बहुतेक देशांत गाळावा लागतो. ब्रिटनमधला 07700 900123 हा नंबर बाहेरून +44 7700 900123 असा होतो. कुणीकुणी तो शून्य कंसात ठेवतात, मग फिरवणारा तोही दाबतो आणि फोन लागत नाही. (इटलीतल्या घरच्या फोनचा शून्य मात्र ठेवावाच लागतो, तिथे तो नंबराचाच भाग आहे.)

दुसरा नंबर कुणाचा, यावर आमचं थोडं वाजलं. नवरा म्हणाला, त्याचा. पण विमानात आम्हा दोघांचेही फोन एकदमच बंद असतात. म्हणून दुसरा नंबर बरोबर नसलेल्या माणसाचा घेतला, माझ्या भावाचा. त्याला फोन करून सांगितलं तेव्हा कळलं की अनोळखी नंबर त्याच्याकडे वाजतच नाहीत, जाहिरातींना कंटाळून त्याने तशी सेटिंग करून ठेवली होती. आम्ही परत येईपर्यंत त्याने ती काढली.

पट्टीवर तिचं नाव बाहेरच्या बाजूला नाही. परक्या माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो. नाव आतल्या बाजूला, कातडीकडे. जन्मतारीख नाही, शाळा नाही. हॉटेलचं नाव आणि तिथल्या काउंटरचा फोन लिहिला, कारण तिथे रात्रीही कुणीतरी असतं, पण खोलीचा क्रमांक लिहिला नाही.

बॅगेचा हिशेब मात्र उलटा निघाला, हे मला आधी सुचलंच नव्हतं. मूल हरवलं तर काही मिनिटांत फोन यायला हवा, म्हणून तिथे प्रवासातलं सिम. बॅग हरवली तर ती पंधरा दिवसांनीही सापडू शकते, तोवर ते सिम मेलेलं असतं. म्हणून बॅगेच्या टॅगवर घरचा कायमचा नंबर, भावाचा नंबर आणि ईमेल. परदेशी फोन करायला पैसे पडतात म्हणून सापडवणारा कचरतो, ईमेल मात्र करतो. हाच मजकूर एका कागदावर लिहून पुढच्या मुक्कामाच्या पत्त्यासह आणि तारखांसह बॅगेत सगळ्यात वर ठेवला. बाहेरचा टॅग सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटला, तर मालक कोण ते बॅग उघडूनच शोधतात.

घराचा पत्ता टॅगवर नाही. प्रवासाला निघालेल्या बॅगेवरचा पत्ता म्हणजे या घरात सध्या कुणी नाही अशी पाटीच. पासपोर्टचा क्रमांक नाही, सापडवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. तिकिटाचा पीएनआरही नाही, कारण पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर तुमचं बुकिंग उघडतं. कंपनीने बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर हे दोन्ही अनेकदा छापलेलं असतं, म्हणून पोचल्यावर ती काढून फाडायची. जुनी पट्टी राहिली तर यंत्र तिचाच बारकोड वाचून बॅग भलतीकडे पाठवू शकतं, हे वेगळंच. त्या पट्टीवरचा दहा आकडी क्रमांक मात्र जपायचा, बॅगेवर नव्हे, स्वतःकडे: बोर्डिंग पासबरोबर मिळणाऱ्या पावतीवर तो असतो आणि बॅग आली नाही तर तक्रार नोंदवताना तोच विचारतात. मी पावतीचा फोटो काढून ठेवते. (आमच्या सासऱ्यांनी एकदा कुलपाचे तीन आकडे विसरायला नकोत म्हणून टॅगच्या मागे लिहिले होते. त्यांना काही बोलले नाही.)

पट्टी बॉलपेनने लिहिली तर घामाने दुपारपर्यंत निळा डाग उरतो. न पुसणारा मार्कर घेतला, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, आकडे तीन-चारच्या गटांत मोकळे लिहिले.

सकाळी नाश्त्याला जाताना लेकीला घेऊन हॉटेलच्या काउंटरवर गेलो आणि तिथल्या माणसाला म्हटलं, हे वाचून तुमच्या फोनवरून लावून बघा. लागला नाही. नवऱ्याने लिहिलेला इंग्रजी एक वरून इतका वाकडा होता की त्या माणसाने तो सात वाचला. पट्टी तिथेच कापली, मी नवी लिहिली, एक सरळ उभी रेघ आणि साताला मध्ये आडवा छेद. या वेळी माझा फोन वाजला. लेकीने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि समोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला फोनवरून विचारलं, "कोण बोलतंय?"