टाकी एकच, उत्तरं दोन

रविवारी रात्री जेवणं उरकत असताना भाचीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दहावीचं त्रिकोणमितीचं गणित, उंची आणि अंतराचं. फोटो ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला, प्रश्नाच्या ओळी वरून कापलेल्या, खाली तिच्याच हाताची सावली. दिसत होती ती फक्त आकृती: पाण्याची टाकी, समोर दोन ठिकाणी उभा माणूस, टाकीच्या माथ्याकडे गेलेल्या दोन तिरप्या रेषा, त्यांच्यापाशी ३०° आणि ६०°, तळाशी २४ मी, आणि कोपऱ्यात पुसट १.६. खाली मेसेज: "मामा, उत्तरं दोन येतायत. कुठलं लिहू?"

मी फोनच लावला. तिने २४ मीटर हे माणसापासून टाकीपर्यंतचं अंतर धरलं होतं. मग ३०° घेतले की उंची २४ भागिले √३, म्हणजे १३.८७ मीटर. ६०° घेतले की २४ गुणिले √३, म्हणजे ४१.५२ मीटर. मला ते एका परीने बरंच वाटलं. एकच कोन वापरून ती थांबली असती, तर चूक कळलीही नसती.

फोटो मोठा करून पाहिला. २४ च्या रेषेचं एक टोक लांबच्या माणसाच्या पायाशी होतं, दुसरं नेमकं सावलीत. ते टाकीपर्यंत जातं की जवळच्या माणसापर्यंत? इथे मी एक खुळेपणा केला. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक थेट स्क्रीनवर ठेवला. ६०° चा कोन ४८° भरला. म्हटलं, टाकी आणि जमीन यांतला कोन तरी पाहू. तो ८१° निघाला. कॅमेरा तिरका धरला की काटकोनही काटकोन राहत नाही, मग बाकीचे कोन कुठून राहणार? शिवाय पुस्तकातल्या आकृत्या मुळात प्रमाणात काढलेल्या नसतात. मापं घ्यायची ती लिहिलेली, दिसणारी नाही.

"दिवा बाजूला घे, मोबाइल पानाच्या बरोबर वर धर आणि वरच्या ओळीही येऊ देत," म्हटलं. दुसऱ्या फोटोत सगळं आलं. माणसाचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर, आणि टाकीच्या दिशेने २४ मीटर चालल्यावर उन्नत कोन ३०° चा ६०° झाला. म्हणजे २४ हे दोन जागांमधलं अंतर होतं.

मग पाठकोऱ्या कागदावर आकृती नव्याने काढली. टाकीचा माथा A, तळ B. डोळ्यांची पहिली जागा P, दुसरी Q. उन्नत कोन डोळ्यांपासून मोजतात, पायांपासून नाही, म्हणून P आणि Q मधून जमिनीला समांतर रेषा टाकीपर्यंत नेली. ती जिथे टेकली तो C. काटकोन C पाशी. त्रिकोणात येते ती AC. खालचा CB हा तुकडा १.६ मीटर, तो शेवटी मिळवायचा. PQ वर २४ लिहिलं, CQ ला y म्हटलं. म्हणजे PC झाली y + २४.

दोन्ही त्रिकोणांत AC ही कोनासमोरची बाजू आणि आडवी ती लगतची, म्हणून tan.

```
tan 60° = AC / y         →  AC = √3 y
tan 30° = AC / (y + 24)  →  y + 24 = √3 AC = 3y
2y = 24,  y = 12
AC = 12√3 = 12 × 1.73 = 20.76
AB = 20.76 + 1.6 = 22.36
```

√३ ची किंमत १.७३ घ्या असं गणितातच दिलं होतं. टाकी २२.३६ मीटर उंच.

"पण बरोबर आहे कशावरून?" भाचीने विचारलं. तिला त्याच आकृतीतला APQ हा लांबट त्रिकोण दाखवला. Q पाशी बाहेरचा कोन ६०°, P पाशी ३०°, म्हणून A पाशीही ३०° च उरतो. दोन कोन सारखे, म्हणून समोरच्या बाजूही सारख्या: AQ = PQ = २४. आता AQ हा कर्ण धरून sin ६०° लावला की AC परत १२√३. मला स्वतःला हीच रीत जास्त आवडते, पण शाळेत tan च्या दोन पायऱ्या बघतात, म्हणून वहीत तीच लिहायला सांगितली.

पंधरा मिनिटांनी वहीचा फोटो आला, या वेळी सरळ. गणित बरोबर, १.६ मिळवलेले. आकृतीतला माणूस मात्र टाकीच्या निम्म्या उंचीचा काढला होता.