खिद्रापूरच्या छताचा गोल

चि. सईस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुमची सहल नृसिंहवाडीवरून पुढे खिद्रापूरला जाणार असल्याचे तुझ्या आईने सांगितले. आपल्या कोल्हापूरहून साठेक किलोमीटरवर, कृष्णाकाठी असलेले हे कोपेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळातले, म्हणजे सुमारे बाराव्या शतकातले आहे. मी तिथे तरुणपणी गेलो होतो. कोरीव हत्तींपाशी सगळे फोटो काढतात, तसे तूही काढ. पण खरा वेळ स्वर्गमंडपासाठी राखून ठेव.

या मंडपाच्या छताला मधोमध सुमारे तेरा फूट व्यासाचा गोल झरोका आहे. छत अपुरे राहिले किंवा पडले, असे कुणी सांगितले तर खाली बघ. झरोक्याच्या बरोबर खाली जमिनीत तशीच गोल शिळा बसवलेली असून तिच्याभोवती बारा खांब वर्तुळात उभे आहेत. अपघाताने राहिलेल्या भोकासाठी कोणी इतकी मांडणी करीत नाही. मग मान वर करून दगडांचे थर पाहा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे, आणि एका थरातले दगड आत कलू लागले की एकमेकांनाच रेटून धरतात. त्यामुळे मधला शेवटचा दगड न बसवताही छत उभे राहते. या थरांमधले सांधे आडवेच दिसतील.

शक्यतो दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथे थांब. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्या वेळी सूर्य आपल्या भागात थेट डोक्यावर येतो, तेव्हा उन्हाचा गोल शिळेवर जवळपास नेमका बसतो. ऑगस्टच्या सुरुवातीलाही तसाच योग असतो, पण पावसाळी ढग तो बहुधा दिसू देत नाहीत. तुम्ही दिवाळीच्या सुटीत जाणार, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असेल आणि तो गोल शिळा सोडून उत्तरेच्या खांबांकडे सरकलेला दिसेल. कार्तिक पौर्णिमेला लोक रात्री इथे जमतात, त्याचे कारणही यातच आहे: पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असल्यामुळे हिवाळ्यात तो उन्हाळ्यातल्या सूर्यासारखा उंचावरून जातो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे चांदणे झरोक्यातून खाली उतरते. गोल केवढा सरकला ते पावलांनी मोजून मला कळव. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नकोस.

गाभाऱ्याकडे जाताना नंदी शोधू नकोस. शिवाच्या देवळात असूनही तो इथे नाही. कृष्णेपलीकडच्या, कर्नाटकातल्या यडूरला त्याचे स्थान असल्याचे लोक सांगतात; तुमच्या बाईंनी परवानगी दिली, तर तिकडेही जाऊन या.

तुझे,
आजोबा