टोपीवरची शिरोरेषा

लोकलमध्ये उभं राहिलं की समोरच्याच्या टोपीकडे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. परवा एका पोराच्या काळ्या कॅपवर पांढऱ्या धाग्यात ‘ठाणे’ होतं, चांगलं उठावदार. त्याच्या कपाळाला बोट लावून बघणं शोभलं नसतं, म्हणून वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या भरतकामवाल्याचा गाळा गाठला.

उंची धाग्याची नसते, खालच्या फोमची असते. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा टोपीवर ठेवायचा आणि त्यावरून सॅटिन टाका चालवायचा. सपाट भरतकामात टाक्यांत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर असतं, इथे ते जवळपास निम्म्यावर आणतात. टाके इतके दाट पडतात की अक्षराच्या कडेने सुईच फोम कापत जाते आणि उरलेला हाताने ओढला की सुटतो. फोम धाग्याच्याच रंगाचा घेतात. तरी कुठे कुसळं राहिलीच, तर हीट गनची गरम हवा दाखवली की आक्रसतात.

खरी मेख रेघेच्या टोकांना. सॅटिनचा धागा रेघेवर आडवा पडतो, त्यामुळे बाजू झाकल्या जातात आणि टोकं उघडी राहतात. ती आधी वेगळ्या टाक्यांनी बंद करावी लागतात. स्वस्तातली टोपी ओळखायची तर अक्षराचा मधला भाग बघूच नये, टोकाशी फोम डोकावतोय का ते बघावं.

आणि टोपी तर गोल! कापड फ्रेमवर कितीही ताणलं तरी पुढचा भाग थोडा सैल राहतो, आणि सुई ते सैलपण पुढे ढकलत नेते. आपण लिहितो तसं डावीकडून उजवीकडे भरलं तर सगळी सुरकुती ‘णे’पाशी गोळा होते आणि अक्षर तिरकं बसतं. म्हणून मशीन मध्यापासून कडांकडे आणि खालून वर जातं. ‘ठाणे’त आधी काना, मग डावीकडे ‘ठ’, उजवीकडे ‘ण’. शिरोरेषा त्यानंतर, मधल्या शिवणीपासून दोन्हीकडे अर्धी अर्धी, आणि सगळ्यात शेवटी मात्रा. म्हणजे क्रम अगदीच परका नाही. शिरोरेषा शेवटी ओढायची सवय आपल्यालाही शाळेपासून आहेच. जिथे काना शिरोरेषेला भिडतो तिथे मात्र दाट टाक्यांचे दोन थर एकावर एक येऊन धागा तुटायची भीती, म्हणून कान्याचं डोकं जरा आखूड ठेवतात.

“मुंब्र्याची ऑर्डर आली तर अनुस्वाराचं काय करता?” मी विचारलं.

“सपाटच भरतो, साहेब. एवढ्याशा टिंबात फोम उरतच नाही, सुई सगळा चावून टाकते.”

“मग टिंब मोठं करायचं.”

“गिऱ्हाईकही हेच म्हणतं. पण मग ते बटण दिसतं, आणि बटण टोपीला वर असतंच की.”